वाऱ्याच्या आडव्या झोतातली तापलेली तार: स्थिर तापमान काढताना गणित कुठल्या क्रमाने करायचं आणि ते कुठे फसतं

अर्धा मिलिमीटर व्यासाची निक्रोमची तार, तिच्यातून वाहणारे ५ अँपिअर, आणि तिच्यावर काटकोनात येणारी ३० अंश सेल्सिअसची हवा, वेग ५ मीटर प्रतिसेकंद. तार किती तापेल? एवढीच माहिती हातात घेऊन उत्तर २२२ अंशही काढता येतं, २९२ही आणि ३८८ही. तिन्ही वह्यांत सूत्र तेच असतं, बेरीज-गुणाकारही बरोबर असतात. चूक असते ती हवेचे गुणधर्म कुठल्या तापमानाचे घेतले यात. म्हणून हेच एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू आणि प्रत्येक टप्प्यावर कुठे पाय घसरतो तेही पाहू.

## टप्पा १ : गणिताला बसण्याआधी चार गोष्टी मोजून घ्या

पहिली गोष्ट तारेचा व्यास. रिळावर लिहिलेल्या गेजवर विसंबू नका. २५ गेज म्हटलं तर ब्रिटिश मापाच्या एसडब्ल्यूजीमध्ये व्यास ०.५०८ मिलिमीटर येतो आणि अमेरिकी मापाच्या एडब्ल्यूजीमध्ये ०.४५५. दुकानदाराला विचारलं तर "पंचवीस नंबर" एवढंच उत्तर मिळतं. व्यास कमी झाला की तारेचा रोध व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्यातच उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभागही कमी होतो, फक्त बारीक तारेवर झोत थोडा जास्त प्रभावी असतो म्हणून तेवढी भरपाई होते. हे सगळं एकत्र केलं तर तार हवेपेक्षा जेवढी जास्त तापते तो फरक साधारण व्यासाच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे ०.५०८ ऐवजी ०.४५५ ची तार बसली तर तापमानवाढ तीस टक्क्यांनी जास्त. त्यामुळे मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजा. तार ताणून बसवली असेल तर बसवल्यानंतर मोजा.

दुसरी गोष्ट वेग, आणि तोही तार जिथे आहे तिथला. पंख्याचा एकूण प्रवाह भागिले नळीचं क्षेत्रफळ केलं की सरासरी वेग मिळतो, पण नळीच्या मध्यावर वेग सरासरीहून बराच जास्त असतो आणि भिंतीलगत कमी. चक्रीच्या अ‍ॅनिमोमीटरने मोजत असाल तर तो त्याच्या पूर्ण तबकडीवरची सरासरी सांगतो. पिटो नळीचं म्हणाल तर ५ मीटर प्रतिसेकंदाला दाबातला फरक जेमतेम १५ पास्कल येतो, म्हणजे पाण्याचा दीड मिलिमीटर. उभ्या पाण्याच्या मॅनोमीटरवर तो डोळ्यांनी वाचून भरवसा ठेवण्यासारखा नाही. तिरका मॅनोमीटर किंवा डिजिटल मापक वापरा.

तिसरी गोष्ट हवेचं तापमान. ते तारेच्या थोडं अलीकडे, झोताच्या येण्याच्या बाजूला मोजायचं. खोलीचं तापमान लिहून मोकळं होऊ नका, कारण पंख्याच्या मोटरवरून येणारी हवा दोन-तीन अंश गरम असू शकते.

चौथी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते: पुरवठ्यात स्थिर काय आहे, विद्युतधारा की विभवांतर? आपल्या उदाहरणात विद्युतधारा स्थिर आहे. याचा परिणाम टप्पा ७ मध्ये दिसेल.

तपासणी : १०० मिलिमीटर लांबीच्या तुकड्याचा रोध साधारण ०.५५ ओहम यायला हवा. निक्रोम ८०/२० ची रोधकता २० अंशांना सुमारे १.०९ × १०⁻⁶ ओहम-मीटर आहे, त्यावरून प्रतिमीटर ५.५५ ओहम येतात. एवढा लहान रोध साध्या मल्टिमीटरच्या दोन तारांनी मोजला तर जोडतारांचाच रोध त्यात मिसळतो. चार तारांनी मोजा: दोन तारांतून विद्युतधारा द्या आणि विभवांतर तारेवरच्या वेगळ्या दोन बिंदूंवरून घ्या.

सावधान : या तुकड्याला ५ अँपिअरसाठी तीन व्होल्टही लागत नाहीत. घरातल्या वीजजोडणीला तो थेट जोडण्याचा विचारसुद्धा करू नका. टेबलावरचा कमी व्होल्टचा, विद्युतधारेला मर्यादा घालता येणारा पुरवठा पुरतो.

## टप्पा २ : समीकरण एका मीटर लांबीसाठी मांडा

स्थिर अवस्थेत तारेत जेवढी उष्णता तयार होते तेवढीच बाहेर जाते. तार लांब असेल आणि टोकांपासून दूरचा भाग पाहत असाल तर एक मीटर लांबीचा हिशेब पुरतो:

```
I²·ρ/A = π·d·h·(Ts − Ta)
```

डावीकडे तयार होणारी उष्णता आहे, तिथे `A` म्हणजे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ. उजवीकडे `πd` हा एका मीटरचा बाहेरचा पृष्ठभाग, `h` हा उष्णता संक्रमणाचा गुणांक, आणि कंसात तार व हवा यांच्या तापमानांतला फरक.

इथली नेहमीची चूक म्हणजे दोन क्षेत्रफळांची अदलाबदल. वीज छेदातून वाहते आणि उष्णता बाहेरच्या पृष्ठभागातून जाते. आपल्या तारेचा छेद ०.१९६ चौरस मिलिमीटर आहे आणि एका मीटरचा पृष्ठभाग १५७१ चौरस मिलिमीटर. उत्तर हजारोंच्या पटीत चुकलं असेल तर आधी इथेच बघा.

आकडे घाला: ५ चा वर्ग २५, गुणिले ५.५५, म्हणजे प्रतिमीटर सुमारे १३९ वॅट. हा आकडा थोड्या वेळाने किंचित वाढेल, पण सुरुवातीला तो पुरेसा आहे.

तारेच्या आतल्या तापमानाचीही शंका इथेच मिटवून टाका. मध्यभाग आणि पृष्ठभाग यांत फरक असतो, पण निक्रोमची उष्णतावाहकता १४ वॅट प्रतिमीटर-केल्विन धरली तरी तो फरक एका अंशापेक्षा कमी येतो. तेव्हा संपूर्ण छेदाचं तापमान एकच धरायला हरकत नाही.

## टप्पा ३ : तापमानाचा अंदाज धरा आणि फिल्म तापमान काढा

`h` काढायला हवेचे गुणधर्म लागतात, गुणधर्मांसाठी तारेचं तापमान लागतं, आणि तेच तर आपल्याला शोधायचं आहे. त्यामुळे सुरुवात अंदाजाने होते. अंदाज फारसा अचूक असण्याची गरज नाही. समजा तार २२० अंशांवर आहे. तार आणि हवा यांची सरासरी म्हणजे फिल्म तापमान, ते येतं १२५ अंश, म्हणजे जवळजवळ ४०० केल्विन.

या तापमानाचे हवेचे गुणधर्म कोष्टकातून एकदाच आणि एकाच ओळीतून उचला: कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी २६.४ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रतिसेकंद, उष्णतावाहकता ०.०३३८ वॅट प्रतिमीटर-केल्विन, प्रांटल अंक ०.६९. "एकाच ओळीतून" यावर मुद्दाम जोर देतोय. का, ते लगेच पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ४ : रेनॉल्ड्स, मग नुसेल्ट, मग h

रेनॉल्ड्स अंकात लांबी म्हणून तारेचा व्यास घ्यायचा. तारेची लांबी नाही आणि नळीचा व्यासही नाही.

```
Re = U·d/ν

Nu = 0.3 + [0.62·Re^(1/2)·Pr^(1/3)] / [1 + (0.4/Pr)^(2/3)]^(1/4)
           × [1 + (Re/282000)^(5/8)]^(4/5)

h  = Nu·k/d
```

मधलं सूत्र चर्चिल आणि बर्नस्टाइन यांचं. रेनॉल्ड्स गुणिले प्रांटल ०.२ पेक्षा जास्त असेल तर ते चालतं. आपला रेनॉल्ड्स अंक ९५ येतो, तेव्हा अडचण नाही. शेवटचा कंस इतक्या लहान रेनॉल्ड्सला अर्ध्या टक्क्याचाही फरक जेमतेम करतो, पण सवय म्हणून तो ठेवावा. नुसेल्ट अंक ५.० येतो आणि `h` येतो ३३८ वॅट प्रतिचौरसमीटर-केल्विन.

अनेकांना हा आकडा बघून धक्का बसतो, कारण "हवेचा h दहा ते शंभर" असं कुठेतरी वाचलेलं असतं. ते मोठ्या पृष्ठभागांसाठी ठीक आहे. बारीक तारेभोवतीचा हवेचा थर फार पातळ असतो, म्हणून शेकड्यांतले आकडे साहजिक आहेत. इथे ३० किंवा ५० आला तर मात्र व्यास मीटरमध्ये घातलाय का ते तपासा.

आता सुरुवातीच्या त्या तीन उत्तरांकडे. समजा एखाद्याने सगळे गुणधर्म ३० अंशांच्या हवेचेच घेतले. रेनॉल्ड्स १५४, नुसेल्ट ६.३७, वाहकता ०.०२६५, आणि `h` येतो ३३७! फिल्म तापमानाने काढला तरी जवळपास तोच. हवा तापली की तिची व्हिस्कॉसिटी वाढते आणि रेनॉल्ड्स घटतो, त्यामुळे नुसेल्ट कमी होतो. पण त्याच वेळी वाहकता वाढते. रेनॉल्ड्स वर्गमुळात येतो, त्यामुळे या दोन गोष्टी हवेच्या बाबतीत एकमेकींना जवळजवळ पूर्ण खोडतात.

घोळ होतो तो अर्ध्या गोष्टी इथून आणि अर्ध्या तिथून उचलल्यावर. नुसेल्ट ३० अंशांच्या गुणधर्मांनी काढला आणि शेवटी गुणताना वाहकता मात्र टप्पा ५ मध्ये येणाऱ्या अंतिम फिल्म तापमानाची, म्हणजे ०.०३६२, घेतली, तर `h` ४६१ होतो आणि तार २२२ अंशांवर "थंड" राहते. याच्या उलट केलं तर `h` २४७ आणि तार ३८८ अंशांवर. प्रत्यक्षात असं घडतं, कारण रेनॉल्ड्स अंक आधीच्या प्रयोगाच्या पानावरून उचललेला असतो आणि वाहकता नव्याने शोधलेली.

हा योगायोग वायूंपुरताच धरा. पाण्यात तापमानाबरोबर व्हिस्कॉसिटी झपाट्याने घटते आणि वाहकता थोडी वाढते. दोन्ही परिणाम एकाच दिशेचे, म्हणून तिथे फिल्म तापमानाचा आग्रह सोडून चालत नाही. हवेसाठीही मी फिल्म तापमानच वापरा म्हणेन, म्हणजे सवय मोडत नाही.

तपासणी : नुसेल्ट दुसऱ्या एखाद्या सूत्राने काढून बघा. हिल्पर्टचं सूत्र सोपं आहे: `Nu = 0.683·Re^0.466·Pr^(1/3)`. त्याने आपल्या तारेसाठी `h` ३४० च्या आसपास येतो, फरक एक टक्क्याचा. मात्र हे स्थिरांक रेनॉल्ड्स ४० ते ४००० इतक्याच पट्ट्यातले आहेत. ४ ते ४० मध्ये ते ०.९११ आणि ०.३८५ होतात. वेग निम्म्याहून खाली आणला की तार या दुसऱ्या पट्ट्यात सरकते, आणि जुनेच स्थिरांक वापरत राहणं ही हमखास दिसणारी चूक आहे.

## टप्पा ५ : पहिलं उत्तर काढा आणि पुन्हा फेरी मारा

प्रतिमीटर १३९ वॅट भागिले (पृष्ठभाग गुणिले ३३८) केलं की तापमानातला फरक २६२ अंश येतो. म्हणजे तार २९२ अंशांवर. आपला अंदाज २२० होता, तेव्हा दुसरी फेरी करायला हवी. नवं फिल्म तापमान १६१ अंश, म्हणजे ४३४ केल्विन. रेनॉल्ड्स ८२, नुसेल्ट ४.६६, वाहकता ०.०३६२, `h` ३३७. तापमान २९२ वरच राहतं. दुसऱ्याच फेरीत उत्तर थांबलं याचं कारण वर सांगितलेली तीच खोडाखोड.

इथे वही मिटणारे बरेच असतात. पण अजून दोन दुरुस्त्या राहिल्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेच्या आहेत.

पहिली दुरुस्ती रोधकतेची. तापमानाबरोबर निक्रोमचा रोध वाढतो, पण फार हळू, दर अंशाला साधारण ०.०११ टक्के. पावणेतीनशे अंशांच्या वाढीला सुमारे तीन टक्के. त्यामुळे उष्णता १३९ वरून १४३ वॅट प्रतिमीटर होते आणि तार ३०० अंशांवर जाते.

## टप्पा ६ : प्रारण जोडा

३०० अंशांवरची तार लाल दिसत नाही, म्हणून प्रारण नगण्य असं समजू नका. हवेत वापरलेल्या निक्रोमवर काळपट ऑक्साइडचा थर बसतो आणि त्याची उत्सर्जकता ०.८ च्या आसपास धरता येते. नवी चकचकीत तार त्याहून कमी उत्सर्जन करते, म्हणजे तीच तार काही तास वापरल्यावर थोडी कमी तापलेली आढळू शकते.

प्रारणाचा हिशेब `h` च्या रूपातच मांडणं सोयीचं:

```
hr = ε·σ·(Ts² + Ta²)·(Ts + Ta)
```

सावधान : इथे तापमानं केल्विनमध्येच घ्यायची. अभिसरणाच्या पदात फक्त फरक येतो, त्यामुळे तिथे सेल्सिअस चालून गेलं. त्याच हाताने इथेही सेल्सिअस घातलं तर प्रारण खऱ्याच्या सात-आठ टक्के इतकंच दिसतं, आणि "बघा, नगण्यच आहे" असा खोटा दिलासा मिळतो.

आपल्या तारेसाठी `hr` १६ येतो. एकूण ३५३. आता १४३ वॅटला या एकूण गुणांकाने भागलं की फरक २५७ अंश आणि तारेचं तापमान २८७ अंश. अभिसरणातून प्रतिमीटर १३६ वॅट जातात आणि प्रारणातून सुमारे साडेसहा. बेरीज १४३ होते, हिशेब जुळला.

हातात लॅपटॉप असेल तर या सगळ्या फेऱ्या त्याच्यावर सोपवा. गुणधर्मांसाठी कोष्टकाऐवजी घातांकाची सोपी सूत्रं घेतली आहेत, ३०० ते ५०० केल्विनमध्ये ती एक टक्क्याच्या आत बसतात:

```python
import math
I, d, U, Ta = 5.0, 0.5e-3, 5.0, 303.0
rho20, alpha, eps, Pr = 1.09e-6, 1.1e-4, 0.8, 0.69
A, P = math.pi*d*d/4, math.pi*d
T = 500.0
for n in range(50):
    Tf = (T + Ta)/2
    k  = 0.0263*(Tf/300)**0.87
    nu = 15.89e-6*(Tf/300)**1.75
    Re = U*d/nu
    Nu = 0.3 + 0.62*Re**0.5*Pr**(1/3) \
         / (1 + (0.4/Pr)**(2/3))**0.25 \
         * (1 + (Re/282000)**0.625)**0.8
    hc = Nu*k/d
    hr = eps*5.67e-8*(T*T + Ta*Ta)*(T + Ta)
    q  = I*I*rho20*(1 + alpha*(T - 293))/A
    Tn = Ta + q/(P*(hc + hr))
    done = abs(Tn - T) < 0.1
    T = Tn
    if done:
        break
print(round(T - 273), round(hc), round(hr), round(q))
```

उत्तर २८६ च्या आसपास येईल. हाताने केलेल्या २८७ शी एका अंशाचा फरक गुणधर्मांच्या सूत्रांमुळे. त्याच्यामागे लागू नका. नुसेल्टच्या सूत्राची स्वतःचीच अनिश्चितता वीस टक्क्यांपर्यंत धरली जाते, आणि `h` वीस टक्के इकडे-तिकडे झाला तर तार २४५ पासून ३५० अंशांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणून अहवालात "२८६.७ अंश" लिहिणाऱ्याला मी गुण कापेन. "सुमारे २९० अंश" लिहा आणि शेजारी पट्टा द्या.

## टप्पा ७ : खरंच स्थिर अवस्था आहे का ते पाहा

निक्रोममध्ये हा टप्पा सोपा जातो, कारण रोध जवळजवळ बदलत नाही. तांबं, टंगस्टन किंवा प्लॅटिनम असेल तर चित्र पालटतं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. विद्युतधारा स्थिर ठेवली की तार तापते, रोध वाढतो, त्यामुळे उष्णता वाढते आणि तार आणखी तापते. हे लक्षात घेऊन समीकरण असं होतं:

```
Ts − Ta = I²R₀ / (π·d·h − I²R₀·α)
```

`R₀` म्हणजे हवेच्या तापमानाला एका मीटरचा रोध. आपल्याच मापाची तांब्याची तार याच झोतात ठेवून २० अँपिअर सोडले, तर रोधातली वाढ न धरता तापमानवाढ ७० अंशांच्या आसपास येते आणि धरली तर ९० च्या पुढे. धारा वाढवत नेली की वरच्या सूत्रातल्या अपूर्णांकाचा छेद लहान लहान होत जातो आणि साधारण ३९ अँपिअरला शून्यावर येतो. त्यापुढे केवळ अभिसरणाच्या जोरावर संतुलन सापडतच नाही. तुमची प्रोग्रॅममधली फेरी थांबत नसेल, प्रत्येक वेळी तापमान वाढतच असेल, तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधण्याआधी हा छेद काढून बघा.

विभवांतर स्थिर असेल तर उलट घडतं. रोध वाढला की उष्णता कमी होते आणि तार स्वतःला सावरते. म्हणूनच टप्पा १ मध्ये पुरवठ्याबद्दल विचारलं होतं.

किती वेळ थांबायचं? आपल्या निक्रोमच्या तारेचा कालस्थिरांक सव्वा ते दीड सेकंद आहे, त्यामुळे दहा सेकंदांत तार स्थिर होते. तार लावलेले जाड पितळी टर्मिनल मात्र तापायला कितीतरी जास्त वेळ घेतात, म्हणून वाचन दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. प्रत्यावर्ती विद्युतधारा वापरली तरी चालतं. सेकंदाला शंभर वेळा होणारे उष्णतेचे चढउतार या तारेला जाणवतच नाहीत.

## टप्पा ८ : टोकांचा हिशेब

आतापर्यंतचं २८७ हे उत्तर तारेच्या मधल्या भागाचं आहे. टोकं टर्मिनलमध्ये पकडलेली असतात आणि टर्मिनल थंड असतात, त्यामुळे टोकांकडे तापमान उतरतं. किती लांबीवर, हे या सूत्रातून कळतं:

```
Lc = sqrt(kw·d / (4h))
```

`kw` म्हणजे तारेच्या धातूची उष्णतावाहकता. निक्रोमसाठी ही लांबी २.२ मिलिमीटर येते. टोकापासून तीन पट अंतरावर तापमान पाच टक्क्यांनी कमी असतं, पाच पटीवर एक टक्क्याहूनही कमी फरक राहतो. म्हणजे टोकांपासून ११ मिलिमीटर सोडून आत गेलं की टोकांचा परिणाम संपला.

१०० मिलिमीटरच्या तारेत मधलं तापमान सुरक्षित आहे. पण संपूर्ण तारेचं सरासरी तापमान विचारलं असेल तर प्रत्येक टोकाला एक-एक `Lc` एवढी तापमानवाढ बुडते, म्हणजे एकूण साडेचार टक्के. २५७ ऐवजी सरासरी वाढ २४६. तुकडा २० मिलिमीटरचाच असेल तर ही तूट वीस टक्क्यांच्या पुढे जाते, आणि तेव्हा लांब तारेचं समीकरण बाजूला ठेवून टोकांसह गणित करावं लागतं. तांब्यासारख्या चांगल्या वाहकात `Lc` पाचपटीहून जास्त असते, तिथे तर १०० मिलिमीटरही अपुरे पडतात.

## टप्पा ९ : मोजून पडताळा घ्या, पण मापकाला भुलू नका

निक्रोमचं तापमान रोधावरून काढायच्या भानगडीत पडू नका. रोधाच्या मापनात एक टक्का चूक झाली तर तापमानात ९० अंशांची चूक होते. ही पद्धत प्लॅटिनमसाठी.

इन्फ्रारेड तापमापक म्हणजे बंदुकीसारखा दिसणारा तो, त्याचा ठिपका एक-दोन सेंटिमीटरचा असतो. त्यात तार असते अर्धा मिलिमीटर, बाकी सगळी मागची भिंत. तो भिंतीचं तापमान सांगतो.

राहिलं थर्मोकपल. त्याचा बारीक सांधा तारेला टेकवला की दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे त्याच्या तारा झोतात थंड करणाऱ्या पात्यांसारख्या उभ्या राहून उष्णता खेचून घेतात आणि वाचन कमी येतं. त्यासाठी शक्य तितकी बारीक तार घ्या आणि ती थोड्या अंतरापर्यंत मुख्य तारेलगत नेऊन मग बाहेर काढा. या लगत नेलेल्या भागावर इन्सुलेशन हवं.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. ५ अँपिअर वाहत असताना आपल्या तारेवर प्रतिमीटर सुमारे साडेअठ्ठावीस व्होल्टचा उतार असतो. थर्मोकपलच्या दोन तारा मुख्य तारेला एकाच बिंदूत न टेकता एकमेकींपासून फक्त ०.१ मिलिमीटर अंतरावर टेकल्या, तर त्यांच्यात २.८ मिलिव्होल्टचा फरक येतो. के प्रकारचा थर्मोकपल अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या अंतरामुळे वाचनात ७० अंश जास्त किंवा कमी होतात. दोन्ही बाजूंची वाचनं घ्या: एकदा विद्युतधारा एका दिशेने, मग टर्मिनलची अदलाबदल करून उलट दिशेने. खरं तापमान दिशा बदलल्याने बदलत नाही, ही खोटी भर मात्र चिन्ह बदलते. दोन वाचनांची सरासरी घेतली की ती निघून जाते. आणि मापक जमिनीशी न जोडलेला, बॅटरीवर चालणारा ठेवा.

सरासरी २६० ते ३१० मध्ये आली तर गणित आणि मांडणी दोन्ही ठीक आहेत असं मी धरेन. त्याहून बरीच जास्त आली तर आधी वेगावर संशय घ्या: वेग वीस टक्के कमी भरला तर तार ३१० ते ३१५ अंशांवर जाते. मग व्यास पुन्हा मोजा. खूप कमी आली तर थर्मोकपलचा सांधा खरंच टेकलाय का ते भिंगातून बघा.

पंखा बंद करून बघायचा मोह होतो, तोही सांगून टाकतो. वरचं कुठलंच सूत्र तेव्हा लागू राहत नाही. ५ मीटर प्रतिसेकंदाच्या झोतात नैसर्गिक अभिसरण दहा हजारांत एक इतकं क्षुल्लक असतं, वेग ०.१ मीटर प्रतिसेकंदाच्या खाली गेला की ते हिशेबात येऊ लागतं, आणि स्थिर हवेत तर तेच आणि प्रारण उरतं. तेच ५ अँपिअर स्थिर हवेत या तारेला ७०० अंशांच्या वर नेतात, तार लाल होते आणि उष्णतेचा जवळपास अर्धा वाटा प्रारणाने जातो. निक्रोम ते सहन करतं. तिला टेकवलेलं थर्मोकपलचं प्लास्टिकचं किंवा काचेच्या धाग्याचं आवरण सहन करेलच असं नाही, म्हणून आधी धारा बंद करा आणि मगच पंखा.